स्टुटगार्टला निघालेल्या नातीला पत्र
(गणेशोत्सवातील महिलांच्या कार्यक्रमात, इंदूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'भाषण' असं छापलंय. पण भाषण करायची आम्हाला सवय नाही. आम्ही एक पत्र वाचून दाखवणार आहोत.

आमची नात, म्हणजे मुलीची मुलगी, गेल्या वर्षी मे महिन्यात नवरा आणि साडेतीन वर्षांची लेक घेऊन जर्मनीला गेली. स्टुटगार्टला. नातजावई मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहेत. निघायच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडे बॅगांची वजनं करणं चालू होतं. मेतकुटाचा डबा आत जातो की बाहेर राहतो, यावर वाद चालला होता. त्या गडबडीत तिनं विचारलं, "आजी, चिऊचं मराठी टिकेल ना गं?" तेव्हा उत्तर द्यायला फुरसत नव्हती. रात्री बसून हे पत्र लिहिलं आणि तिच्या हातातल्या पर्समध्ये ठेवलं. अक्षर आजीचं आहे, मधूनमधून दुरुस्त्या आजोबांच्या आहेत, म्हणून पत्रात सगळीकडे 'आम्ही' आलंय. घरातल्या दोन-चार गोष्टी गाळल्यात, बाकी पत्र जसंच्या तसं वाचते.

चि. बाळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू विचारलंस, चिऊचं मराठी टिकेल ना? टिकेल की नाही हे आम्ही काय सांगणार! पण ते कुठे तुटतं, ते आम्ही आपल्याच घरात पाहिलंय. तेवढं सांगतो.

तुझा मामा २००३ साली अमेरिकेला गेला तेव्हा तुझा मामेभाऊ तीन वर्षांचा होता. बडबड्या. इथून जाताना त्याला चिमणी-कावळ्याची गोष्ट पाठ होती आणि आपल्या दुधवाल्याशी तो मराठीतच भांडायचा. चौथ्या वर्षी तो तिथल्या बालवाडीत जाऊ लागला. पहिल्या सहा-सात महिन्यांत काय झालं ते कोणाच्याच लक्षात आलं नाही, कारण झालं ते अगदी साधं होतं. मामी विचारायची, "दूध देऊ का रे?" तो म्हणायचा, "नो, आय वॉन्ट ज्यूस." मामीला समजायचं, ती रस द्यायची. काम झालं! त्याला रस मिळाला आणि मराठीची गरज पडली नाही. असं दिवसातून चाळीस वेळा होत असेल.

यात मामीचा दोष नाही. ती बिचारी नोकरी, घर, बर्फ, सगळं सांभाळत होती. दोष असलाच तर आमचा. रविवारी फोन आला की आम्ही शेजाऱ्यांना बोलावून त्याचं इंग्रजी ऐकवायचो. आजोबांनी बँकेत जन्म काढलेला, ते त्याच्याशी हौसेनं इंग्रजीत बोलायचे. म्हणजे ज्या दोन माणसांशी त्याला मराठीतच बोलावं लागलं असतं, त्या दोघांनीच त्याची सुटका केली.

तो आठ वर्षांचा झाला तोवर सगळं समजत होतं आणि बोलणं मात्र बंद पडलं होतं. सगळे म्हणायचे, "बोलत नाही, पण त्याला समजतं हो सगळं." आम्हीही तेच म्हणायचो.

दोन वर्षांपूर्वी आजोबांचं ऑपरेशन झालं तेव्हा तो आठ दिवसांसाठी आला होता, तुला आठवतंच. रात्री दवाखान्यात तोच झोपायचा. आजोबांना पहाटे तीनला जाग यायची आणि त्यांना बोलावंसं वाटायचं. त्यांच्या वडिलांबद्दल, राजवाड्याजवळच्या जुन्या घराबद्दल. पोराला शब्दन् शब्द कळत होता, डोळ्यांत दिसत होतं. पण काही विचारायचं झालं की तोंड उघडायचा, शब्द शोधायचा आणि "हो आजोबा" म्हणून थांबायचा. इंग्रजीत विचारायचा तर आजोबांना त्या गुंगीत इंग्रजी सुचत नव्हतं. जायच्या दिवशी तो आम्हाला इंग्रजीत म्हणाला, मराठीत मी अजून तीन वर्षांचाच आहे.

तेव्हा बाळ, मेख इथे आहे. समजणं आणि बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिली असली की दुसरी आपोआप येते, असं नाही. हे फक्त आपल्याच घरी झालं असंही नाही. आजोबांनी एक माहिती वाचून काढली. बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या फ्लँडर्स भागात आनिक द हाउवर नावाच्या बाईंनी सुमारे १,९०० घरांची पाहणी केली आणि ती २००७ साली प्रसिद्ध झाली. या घरांमधून आई किंवा वडील डचखेरीज दुसरी एखादी भाषा बोलत होते. तरी साधारण चौथ्या हिश्श्याच्या घरांत मुलं ती भाषा बोलतच नव्हती. जिथे आईवडील दोघंही ती भाषा बोलत आणि डच फारतर एकच जण बोले, तिथली जवळजवळ सगळी मुलं बोलत होती. तुमच्या घरी मराठी बोलणारी तू एकटी आहेस. म्हणून तुझ्यावर भार जास्त आहे, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आता तिथे काय होईल ते पाहा. चिऊ किटामध्ये जाऊ लागेल. पहिले काही महिने ती तिथे गप्प राहील. मुलं राहतातच, ती ऐकून घेत असतात. त्या वेळी तिथल्या एखाद्या बाई तुला प्रेमानंच सांगतील की घरी जर्मन बोला, म्हणजे लवकर येईल. ऐकू नकोस. जर्मन तिला रोज सहा-सात तास, ज्यांची ती भाषा आहे त्यांच्याकडून मिळणार आहे. तुझ्या चार महिन्यांच्या शिकवणीतल्या जर्मननं त्यात काय भर पडणार? काळजी करायची ती वेगळ्या वेळी. मूल मराठी, हिंदी, कुठल्याच भाषेत बोलायला मागे पडत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. चिऊचं तसं नाही, ती तर आत्ताच आम्हाला बोलू देत नाही!

मग एक दिवस ती घरी येईल आणि म्हणेल, "इश विल वासर." (पाण्याला तिकडे वासर म्हणतात. आजोबा म्हणतात, गाईचं वासरू आठवतं.) तो दिवस महत्त्वाचा. तू तेव्हा काय करतेस यावर पुढचं अवलंबून आहे.

मामीसारखं मुकाट्यानं पाणी दिलंस, तर तिला कळेल की जर्मननं काम होतं. "मराठीत बोल!" म्हणून दटावलंस, तर मराठी म्हणजे बोलणी खाणं, असं तिच्या मनात बसेल. आणि हट्टी तर ती आहेच. याच्या मधला रस्ता आहे. ऐकू आलं नाही असं दाखवून, हातातलं काम करत, सहज विचार, "काय म्हणालीस?" बहुतेक वेळा मूल स्वतःच भाषा बदलतं. नाही बदलली तर "पाणी हवंय का?" असं विचारू नकोस, कारण त्याला नुसतं "हो" पुरतं. "पाणी हवंय की दूध?" असं विचार. मग तिला एक तरी शब्द उच्चारावा लागेल. ती "पाणी" म्हणाली की तू पूर्ण वाक्य म्हण, "मला पाणी हवंय. घे." तिच्याकडून म्हणवून घ्यायचा आग्रह नको, कानावर पडलं की झालं. आणि ती रडत असेल, पडून आली असेल, ताप असेल, तर भाषा बाजूला ठेव आणि आधी जवळ घे.

जावईबापूंचं एक सांगतो. ते आपल्याकडे सात वर्षं येताहेत, मराठी त्यांना पूर्ण समजतं. आमचे विनोदसुद्धा समजतात, नको तेव्हा. पण ते जेवायला बसले की तू चिऊशीही हिंदीत बोलायला लागतेस. आम्ही कितीदा पाहिलंय. तुला वाटतं, त्यांना एकटं पडल्यासारखं होईल. त्यांना विचारून तर बघ! ते चिऊशी हिंदीतच बोलोत, ते चांगलंच आहे, तिला हिंदीही येईल. तू मात्र ते समोर असतानाही तिच्याशी मराठीच बोल. नाहीतर तुझं मराठी फक्त ते ऑफिसात असतानाचं राहील आणि तेव्हा चिऊ किटामध्ये असेल.

भाषा निसटायला लागलीय हे ओळखायचं कसं? आधी नामं जात नाहीत. पोळी, भात, आजी, गणपती हे शब्द अमेरिकेत जन्मलेल्या नातवंडांनाही येतात, त्यांवर भुलू नकोस. आधी क्रियापदं जातात. सगळ्याला 'करणे' लागायला लागतं. 'वॉश केलं', 'कट केलं', 'थ्रो केलं'. असं झालं की समज, गळती सुरू झाली. इंग्रजीत सगळं 'कट'. आपल्याकडे भाजी चिरतात, कागद कापतात, सुपारी कातरतात, फूल तोडतात. हे शब्द पुस्तकातून येत नाहीत, हातातून येतात. म्हणून तिला स्वयंपाकघरात घे. कोथिंबीर निवडू दे, कणीक मळू दे, लाटू दे, लिंबू पिळू दे, ताक घुसळू दे, सांडू दे आणि पुसू दे. अर्धा तास पोळ्यांना लागतोच, तोच तुझा मराठीचा तास. वेगळा काढायचा म्हणशील तर निघणार नाही.

ती बाहुलीशी एकटी खेळताना कुठल्या भाषेत बोलते, तेही कान देऊन ऐक. तिथे जर्मन येईलच, किटाचा खेळ असेल तर यायलाच हवं. पण बाहुलीला जेवू घालताना, झोपवतानाही मराठी येईनासं झालं, तर आम्हाला कळव.

आता आपल्या इंदुरी मराठीबद्दल. आपल्याकडे हिंदी शेजारी असल्यामुळे भाषा तुटत नाही, हळूहळू विरघळते. तू स्वतः "चावी मिळत नाहीये" म्हणतेस. अगं, हरवलेली चावी 'सापडते', पगार 'मिळतो' आणि मैत्रीण 'भेटते'. हिंदीत तिन्हीला 'मिलना', म्हणून आपली तिन्ही एक झाली. 'किताब' स्त्रीलिंगी, म्हणून तुझं पुस्तकही 'माझी पुस्तक' झालं. चिऊ हे तुझ्याकडूनच उचलणार. पण म्हणून घाबरून गप्प बसू नकोस. चुकीचं मराठी बोलणारी आई न बोलणाऱ्या आईपेक्षा शंभर पटीनं बरी. आम्ही फोनवर दुरुस्त्या करू, तो आमचा धंदाच आहे.

एक गोष्ट मात्र जपायला सांगतो, 'आम्ही' आणि 'आपण'. इंग्रजीत दोन्ही एकच आणि जर्मनमध्येही एकच, असं जावईबापू म्हणाले. आपल्या इंदूरच्या हिंदीत निदान 'अपन' तरी आहे. 'आम्ही जेवलो' म्हटलं की ऐकणारा उपाशी आणि 'आपण जेवलो' म्हटलं की तोही पंगतीला. हा फरक शिकवून येत नाही. दोन्ही शब्द वापरणारी माणसं समोर असावी लागतात.

आणि आम्ही समोर असणार. रविवारचा तासभराचा फोन नको, त्यात मुलं कंटाळतात आणि मोठी माणसंच बोलतात. रोज दहा मिनिटं. तुमची संध्याकाळ म्हणजे आमची रात्र, म्हणून चिऊच्या न्याहारीच्या वेळी, तुमच्या सकाळी सातला. तेव्हा इथे उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी तुमचं घड्याळ बदलतं, ते आजोबांनी पंचांगात लिहून ठेवलंय. चित्रांच्या दोन पुस्तकांच्या दोन-दोन प्रती घेतल्यात, एक तुझ्या बॅगेत, एक इथे. आम्ही पान उघडू, तीही उघडेल. "कशी आहेस, जेवलीस का" याच्यापुढे बोलायला काहीतरी हातात हवं ना. आणि आजोबांनी शपथ घेतलीय, तिच्याशी इंग्रजीचा एक शब्द बोलणार नाहीत. तिनं समजावं की पणजोबांना इंग्रजी येत नाही. बँकेतली तीस वर्षं पाण्यात गेली तरी चालतील, म्हणतात.

वाचायची घाई नको. देवनागरी तुला आणि जावईबापूंना दोघांनाही येते, ते हिंदीचे उपकार. आधी बोलणं घट्ट होऊ दे, सहाव्या वर्षानंतर बघू. तेव्हा फक्त 'चमचा' आणि 'चार' यांतले च वेगळे असतात, हे आम्हाला सांगू दे. जावईबापूंकडून नको.

यापुढे आमची काही हमी नाही. दहा-बारा वर्षांची झाल्यावर ती मैत्रिणींसमोर मराठी बोलायला लाजेल, कदाचित नकोच म्हणेल. आणि दुसरं बाळ झालं तर चिऊ त्याच्याशी जर्मनमध्ये बोलेल, तिथे तुझं काही चालणार नाही. तिला ज्ञानेश्वरी समजावी अशी आमची अपेक्षा नाही. पहाटे तीनला कोणी बोलायला लागलं, तर तिला दोन प्रश्न विचारता यावेत, एवढंच.

मेतकूट बॅगेच्या उजव्या कप्प्यात आहे. कढीलिंब वाळवून दिलाय, तो फोडणीत शेवटी टाक, लगेच जळतो. सांभाळून जा.
तुझी,
आजी (आणि आजोबा)

पत्र संपलं. याला आता वर्ष उलटून गेलं. सगळं पत्रासारखं झालं असं समजू नका. रोजची दहा मिनिटं आठवड्यातून चार दिवसांवर आली. नोव्हेंबरात चिऊनं जर्मनमध्ये उत्तरं द्यायला सुरुवात केली आणि "काय म्हणालीस?" तीन आठवडे छान चाललं. चौथ्या आठवड्यात ती आईला म्हणाली, "तुला ऐकू येत नाही, डॉक्टरकडे जा." पण हे ती मराठीत म्हणाली. जावईबापू आता जेवताना स्वतःच मराठीत बोलू बघतात, त्यामुळे चिऊला दुरुस्त्या करायला कोणीतरी मिळालं. अहो, 'मिळालं' बरोबर आहे ना इथे? आमचंच आम्हाला कळेनासं झालंय.

आमची फजिती वेगळ्याच ठिकाणी झाली. तिकडच्या शाळांना उन्हाळ्यात सहा आठवडे सुट्टी असते. नात त्या काळात चिऊला घेऊन महिनाभर आली होती. आम्ही खूश, आता रोज मराठी. पण वाड्यात आपलीच मराठी घरांतली मुलं क्रिकेट खेळताना हिंदीत आणि चिऊ परदेशातून आली म्हणून तिच्याशी इंग्रजीत! इंग्रजी तर तिला येतही नव्हतं. ती आठ दिवस गोंधळून गेली आणि मग आमच्या मागे मागे फिरायला लागली, कारण घरात मराठी बोलणारी आम्ही दोघंच उरलो होतो. त्या मुलांच्या आज्या इथे पुढच्या दोन रांगांत बसल्या आहेत. आम्ही नावं घेत नाही.

परवा चतुर्थीला त्यांनी तिथे मोदक केले. फोन ओट्यावर उभा करून ठेवला होता आणि इकडून आम्ही सांगत होतो. उकड काढली, मळली, पारी केली. कळ्या पाडताना चिऊच्या चार फाटल्या. शेवटी अकरा मोदक झाले, त्यांतले तीन मोदकासारखे दिसत होते. चिऊनं ताट कॅमेऱ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "पणजी, आपण मोदक केले!"

आजोबांनी सवयीनं बोट वर केलं. इथे 'आम्ही' हवं, असं सांगायला. मग बोट खाली घेतलं.